ऑफर लेटर अप्रूव्हलमध्ये अडकलं, तेव्हा उमेदवाराला नवी तारीख कशी दिली : माझा अनुभव

पुण्याजवळच्या एका उत्पादन कंपनीसाठी मी भरती पाहते. 2025 च्या सप्टेंबरमध्ये क्वालिटी विभागातल्या एका जागेसाठी उमेदवार पक्का झाला. पगार फोनवर ठरला, 18.5 लाख सीटीसी. ऑफर लेटर शुक्रवारी, 26 सप्टेंबरला मिळेल असं त्यांना सांगितलं होतं. गुरुवारी दुपारी सिस्टिम उघडली तर ऑफर फायनान्सकडे ‘पेंडिंग’ दिसत होती, आणि त्यांच्यानंतर बिझनेस हेडचीही सही बाकी होती.

असं झालं की बहुतेक रिक्रूटर दोनपैकी एक करतात. शुक्रवार उलटू देतात आणि सोमवारी उमेदवाराचाच फोन आला की बोलतात, किंवा लगेच फोन करून ‘प्रोसेसमध्ये आहे, दोन-तीन दिवसांत होईल’ असं सांगून मोकळे होतात. माझ्या मते दुसरं जास्त वाईट, कारण ते दोन-तीन दिवस कुणी मोजलेलेच नसतात. म्हणून फोनच्या आधी मी दोन गोष्टी शोधल्या. ऑफर नेमकी का थांबली, आणि पुढच्या प्रत्येक माणसाला किती कामाचे दिवस लागतील.

कारण सापडायला वेळ लागला नाही. जागा बदलीची होती, म्हणजे सोडून गेलेल्या माणसाच्या जागी नवा माणूस. बजेटमध्ये त्या जागेसाठी जुन्या माणसाचाच पगार धरलेला, 16 लाख. त्या ग्रेडच्या पगाराच्या बँडची वरची मर्यादा 18 लाख. आपण 18.5 ला हो म्हटलेलं. बँडच्या आत असतं तर एचआर आणि विभागप्रमुख यांच्यावर काम भागलं असतं. बँड ओलांडला की आमच्याकडे ती ‘डेव्हिएशन’ ठरते आणि साखळीत आपोआप दोन माणसं वाढतात, फायनान्स आणि बिझनेस हेड. विभागप्रमुखांनी मीटिंगमध्ये ‘देऊन टाका’ म्हटलेलं असतं, पण सिस्टिमला ते ऐकू जात नाही. 26 तारीख देताना मी छोटी साखळी धरली होती. चूक तिथेच झाली, आणि ती माझी होती.

आता तारीख. फायनान्समधल्या सहकाऱ्याला मेल न करता फोन केला आणि ‘कधी होईल?’ हा प्रश्न टाळला. त्या प्रश्नाला ‘बघतो’ हेच उत्तर मिळतं. विचारलं असं, की ‘तुम्ही ही फाइल कोणत्या दिवशी उघडणार?’ ते म्हणाले, 30 सप्टेंबरला सहामाही बंद होतेय, त्याआधी काही उघडणार नाही, 1 तारखेलाही नोंदीच चालतील. 2 ऑक्टोबरला गांधी जयंती आणि त्या वर्षी दसराही त्याच दिवशी. म्हणजे शुक्रवार, 3 ऑक्टोबर.

मग कागदावर दिवस मांडले. 3 तारखेला फायनान्स फाइल उघडणार. डेव्हिएशनवर ते एक तरी शंका काढतातच, म्हणून उत्तर आणि मंजुरी सोमवारी, 6 ला. बिझनेस हेडसाठी मंगळवार, 7. पत्र तयार करणं, तपासणं आणि सही यासाठी बुधवार, 8. शिवाय एक दिवस राखीव, कारण या साखळीत एक तरी माणूस एक तरी दिवस प्रवासात असतो. आली तारीख गुरुवार, 9 ऑक्टोबर. फायनान्सची शंका न निघता सगळं सुरळीत गेलं असतं तर पत्र 7 लाच निघालं असतं, पण 7 तारीख मी उमेदवाराला बोललेसुद्धा नाही. ‘7 ते 9 च्या दरम्यान’ असं सांगितलं की ऐकणाऱ्याच्या डोक्यात 7 च राहते.

फोन गुरुवारीच संध्याकाळी केला, जुनी तारीख उलटायच्या आत. आधी त्यांचा नोटीस पिरियड पाहून ठेवला, 60 दिवस. कारण पत्र उशिरा आलं की राजीनामा उशिरा, आणि राजीनामा उशिरा की जॉइनिंगही पुढे. सोमवारी, 29 सप्टेंबरला राजीनामा दिला असता तर शेवटचा दिवस 28 नोव्हेंबर आला असता आणि 1 डिसेंबरची जॉइनिंग बरोबर बसली असती. 10 ऑक्टोबरला दिला तर शेवटचा दिवस 9 डिसेंबर. आमच्याकडे इंडक्शन सोमवारीच होतं, म्हणून जॉइनिंग 15 डिसेंबर. फक्त पत्राची तारीख सांगून हे झाकून ठेवलं असतं तर दोन आठवड्यांनी तोच विषय जास्त कडवट होऊन परत आला असता.

फोनवर साधारण हे शब्द होते : ‘सर, उद्या ऑफर लेटर देते म्हटलं होतं, ते उद्या येणार नाही. एचआर आणि विभागाची मंजुरी झाली आहे, फायनान्स आणि बिझनेस हेड यांची बाकी आहे. सहामाहीचं क्लोजिंग आणि मधली सुट्टी धरून पत्र गुरुवारी, 9 ऑक्टोबरला संध्याकाळी सहापर्यंत तुमच्या मेलवर येईल. त्यामुळे जॉइनिंग 1 ऐवजी 15 डिसेंबर धरू. सोमवारी, 6 तारखेला काही घडो न घडो, मी तुम्हाला फोन करेन. तोपर्यंत राजीनामा देऊ नका.’

शेवटचं वाक्य उमेदवाराने विचारायच्या आधी मी स्वतः म्हणते. आपल्या ‘होईलच हो’वर विसंबून माणूस राजीनामा देऊन बसला आणि ऑफर फिरली, तर त्याच्या हातात काही उरत नाही. ‘नुसती फॉर्मॅलिटी आहे’ हे शब्दही मी वापरत नाही. फायनान्स नाही म्हणू शकतं, किंवा 18 वर आणा म्हणू शकतं.

त्यांनी तीन प्रश्न विचारले, आणि असे फोन केलेल्या कुणालाही ते तिन्ही ओळखीचे वाटतील. पहिला, ‘आकड्यात बदल होणार का?’ उत्तर : ‘18.5 लाच मंजुरी मागितली आहे. बदलायची वेळ आली तर ते तुम्हाला पत्रात वाचावं लागणार नाही, मी आधी फोन करेन.’ बँड ओलांडला म्हणून अडकलंय, हे मात्र सांगितलं नाही. ती कंपनीची आतली गोष्ट, आणि ती ऐकून उमेदवाराला आपण जास्त मागितलं की काय असं उगीच वाटतं. कुणाच्या टेबलावर आहे ते नावही सांगायचं नाही. विभाग सांगितला की पुरे.

दुसरा, ‘तोवर लेटर ऑफ इंटेंट तरी द्या.’ हे द्यायला सोपं वाटतं. पण आमच्याकडे त्यात पगाराचा आकडा लिहायचा तर तीच साखळी लागते, आणि आकडा नसलेल्या पत्रावर राजीनामा देणं धोक्याचं. म्हणून सरळ नाही म्हटलं, कारणासकट.

तिसरा प्रश्न त्यांनी जरा चाचरत विचारला : दुसरीकडूनही ऑफर येऊ घातली आहे, काय करू? इथे रिक्रूटरचा आवाज बदलतो आणि तो समोरच्याला ऐकू येतो. मी एवढंच विचारलं, की त्या दुसऱ्या कंपनीला उत्तर कधीपर्यंत द्यायचं आहे. ‘10 ऑक्टोबर.’ म्हणजे आमची 9 तारीख एक दिवस आधीची होती. मुदत 6 असती तर फायनान्सला तेच कारण देऊन फाइल पुढे सरकवता येते का, हे पाहिलं असतं, आणि जमलं नसतं तर तसं सांगितलंही असतं.

फोननंतर अर्ध्या तासात मेल. आमचे मेल इंग्रजीत जातात, मजकूर मात्र सहाच वाक्यांचा : 26 सप्टेंबरची तारीख पाळता येत नाही, त्याबद्दल क्षमस्व, कोणत्या दोन मंजुऱ्या बाकी आहेत, पत्र 9 ऑक्टोबर संध्याकाळी सहापर्यंत, अपेक्षित जॉइनिंग आता 15 डिसेंबर, पुढचा फोन 6 ऑक्टोबरला, आणि पत्र हाती येईपर्यंत राजीनामा देऊ नये. विभागप्रमुखांना सीसी केलं, कारण उमेदवार त्यांच्याही ओळखीचा झालेला असतो आणि त्यांनी व्हॉट्सॲपवर ‘उद्या येईल’ असं लिहिलं की सगळं मुसळ केरात.

मधल्या दिवसांत करायचं काम एकच होतं, फायनान्सची शंका येण्याआधी तिचं उत्तर तयार ठेवणं. 3 तारखेला दुपारी चारला ती आली : बजेटपेक्षा 2.5 लाख जास्त कुठून देणार? 15 डिसेंबर ते 31 मार्च असे साडेतीन महिने धरले, तर या आर्थिक वर्षात जादा खर्च सुमारे 73 हजार. आणि जागा जुलैपासून रिकामी, म्हणजे साडेपाच महिन्यांचा न दिलेला पगार, 16 लाखांच्या हिशेबाने 7.3 लाखांच्या आसपास. हे त्याच संध्याकाळी पाठवलं. रिकाम्या जागेची बचत फायनान्स दरवेळी मान्य करतं असं नाही, कारण पुढच्या वर्षी पूर्ण 2.5 लाख अंगावर येतातच. त्यामुळे पुढच्या वर्षीचा जादा खर्च आपल्या बजेटमध्ये धरेन, असं विभागप्रमुखांचं एक ओळीचं लेखी उत्तर सोबत जोडलं. सोमवारी बाराला मंजुरी झाली.

संध्याकाळी ठरल्याप्रमाणे उमेदवाराला फोन, एक मिनिटाचा : ‘फायनान्सची झाली, एक बाकी, तारीख 9 च आहे.’ सांगण्यासारखं काही नसतं तरी हा फोन केलाच असता. ठरलेला फोन आला नाही की माणूस समजतो, ऑफर गेली.

बिझनेस हेड मंगळवारी प्रवासात होते, मंजुरी बुधवारी सकाळी आली. संध्याकाळी पत्राचा मसुदा पाहिला तर जॉइनिंग 1 डिसेंबरच. टेम्प्लेट ती तारीख जागा भरण्याच्या मूळ रिक्विझिशनमधून उचलतं, आणि ती मी मुद्दामच बदलली नव्हती. आमच्या सिस्टिममध्ये पगाराचा आकडा बदलला तर साखळी पहिल्यापासून सुरू होते. जॉइनिंगची तारीख बदलली तर फक्त विभागप्रमुखांकडे परत जाते. फायनान्सकडे फाइल असताना तिला हात लावायचा धोका कशाला घ्या. आता बदलली, विभागप्रमुखांना फोन करून गुरुवारी सकाळी मंजूर करून घेतली, आणि राखीव दिवस तिथेच खर्ची पडला. पत्र 9 ऑक्टोबरला दुपारी 2 वाजून 40 मिनिटांनी गेलं. पाठोपाठ फोन करून सीटीसी आणि जॉइनिंगची तारीख त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घेतली. सही केलेली प्रत रात्री आली, राजीनाम्याच्या पोचपावतीचा स्क्रीनशॉट दुसऱ्या दिवशी.