दर सोमवारी कोणते आकडे बघायचे, हे आम्ही कसं ठरवलं

आम्ही कोल्हापुरातून कांदा-लसूण मसाला आणि चटण्या थेट ग्राहकाला पाठवतो. ऑर्डर आमच्या वेबसाइटवर येतात, जाहिरात मेटा आणि गुगलवर चालते, पार्सल कुरिअरने जातं. या सगळ्यांचे डॅशबोर्ड एकत्र केले तर आकड्यांचा ढीग होतो. हिशेब वहिनी बघतात. त्यांनी अट घातली, ‘‘आकडा हलला तर मंगळवारी आपण वेगळं काय करणार, हे सांगता येत असेल तरच तो ठेवायचा.’’

या अटीत फॉलोअर्स आणि वेबसाइटच्या भेटी लगेच गळाल्या. खरा वाद झाला तो रोआसवर, म्हणजे जाहिरातीच्या एका रुपयामागे किती रुपयांची विक्री झाली त्यावर. सगळे तोच आकडा विचारतात, पण तो ऑर्डर नोंदवली जाते तेव्हाच मोजला जातो. पार्सल घरात पोचलं की दारातून परत आलं, हे त्याला कळत नाही. आपल्याकडे कॅश ऑन डिलिव्हरी एवढी असताना सगळं त्यावरच ठरतं.

वहिनींनी शंभर पार्सलांचा हिशेब मांडला. रक्कम सोयीसाठी गोल केली आहे. ऑर्डर 640 रुपयांची, जीएसटी वजा जाता 610. साठ पार्सलं सीओडीची, चाळीस आधी पैसे भरलेली. सीओडीतली 15 आणि उरलेल्यातलं 1 परत आलं, म्हणजे पोचली 84. विक्री 51,240 रुपये. त्यातून माल आणि पॅकिंग 17,640, शंभर पार्सलांचं जाण्याचं भाडं 7,500, सोळांचं परतीचं भाडं 1,040, सीओडी शुल्क 1,350, पेमेंट गेटवे 500 आणि परत आलेल्यांचं वाया गेलेलं पॅकिंग 400. उरले 22,810. जाहिरात 18,000. हातात 4,810 रुपये, म्हणजे पाठवलेल्या पार्सलमागे साधारण 48.

आता सीओडीतली 15 ऐवजी 22 पार्सलं परत आली असं धरा. त्याच पद्धतीने हातात फक्त 1,590 उरतात. सात पार्सलांनी दोन-तृतीयांश कमाई नेली, आणि रोआस दोन्ही वेळा 3.56 च दिसतो. त्यामुळे पहिला आकडा ठरला: पाठवलेल्या प्रत्येक पार्सलमागे सगळं जाऊन काय उरलं.

अडचण वेळेची होती. पुण्याचं पार्सल दोन-तीन दिवसांत पोचतं, पण ईशान्येकडचं आठवडाभर फिरतं, तिथे कुरिअर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो आणि मग परतीचा प्रवास. गेल्या आठवड्याच्या ऑर्डरींवर या सोमवारी हा आकडा काढला, तर वाटेत असलेली पार्सलं पोचली असं गृहीत धरलं जातं आणि चित्र उगाच छान दिसतं. म्हणून तो आम्ही तीन आठवड्यांपूर्वीच्या ऑर्डरींवर काढतो. पार्सल कधीही परत येवो, ते ज्या आठवड्यात विकलं त्याच आठवड्याच्या खात्यात धरायचं.

पण तीन आठवड्यांनी कळून उपयोग काय? म्हणून दुसरा आकडा लवकर कळणारा घेतला: गेल्या आठवड्यात पहिल्याच फेरीत न पोचलेल्या सीओडी पार्सलांचं प्रमाण. कुरिअरच्या एनडीआर यादीत, म्हणजे न पोचलेल्या पार्सलांच्या यादीत, कारणंही असतात. ‘पत्ता अपुरा’ वाढलं तर ऑर्डर घेताना खूण विचारायची. ‘ग्राहकाने नाकारलं’ ठरावीक पिनकोडांवर वाढलं तर तिथे शंभर रुपये आगाऊ घ्यायचे किंवा सीओडी बंद. या कारणांवर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नये. ‘ग्राहक उपलब्ध नाही’ असं लिहिलेल्या काहींना फोन केला, तर डिलिव्हरीवाला आलाच नव्हता. आता त्या यादीतल्या निवडक लोकांना आम्ही दर सोमवारी फोन करतो.

तिसरा आकडा नव्या ग्राहकाचा खर्च. मेटा आणि गुगल दोघंही एकच ऑर्डर आपापल्या नावावर लावू शकतात, म्हणून दोन्हीकडचा एकूण खर्च भागिले पहिल्यांदा घेणारे ग्राहक. एवढंच.

चौथा, जास्त खपणाऱ्या तीन मसाल्यांचा साठा किती दिवसांचा आहे. मिरची वाळवून, डंकावर कुटून पॅक व्हायला आठवडा लागतो. साठा दहा दिवसांच्या खाली आला की त्या मसाल्याची जाहिरात कमी करतो.

पुन्हा घेणाऱ्यांचं प्रमाण मला हवं होतं, कारण धंदा त्यावरच टिकतो. पण मसाल्याचं पाकीट घरात दोन महिने पुरतं, आठवड्यात तो आकडा हलतच नाही. तो महिन्याच्या कागदावर गेला.

आमच्याकडे ऑर्डर थोड्या आहेत. साठ सीओडी पार्सलांत तीन इकडेतिकडे झाली की पाच टक्के फरक दिसतो. म्हणून प्रत्येक आकड्याशेजारी मागच्या चार आठवड्यांची सरासरी असते, आणि लागोपाठ दोन सोमवार आकडा तिच्यापासून एकाच दिशेला सरकला तरच जाहिरातीच्या बजेटला हात लावतो.