खरखराटातून तारेचा सूर

“शंभरेक आकडे मावतील एवढी मेमरी, तिच्यात नुसता खरखराट भरलेला. मग छेडलेल्या तारेचा आवाज येतो तरी कसा? आणि आम्ही करून पाहिलं तर सूर का चुकतो?”

संगणकावर छेडलेल्या तारेचा आवाज घडवण्याच्या या रीतीत खरखराट भरायचा तो एकदाच, सुरुवातीला. त्यानंतर नवा काही येत नाही, तेच आकडे फिरत राहतात. सेकंदाला ४४१०० सॅम्पल, म्हणजे आवाजाच्या लहरीचे एकेक आकडे, वाजत असतील आणि १०० आकड्यांची रांग पुन्हा पुन्हा वाचली जात असेल, तर तोच आकार सेकंदाला ४४१ वेळा येतो. आतला आकार कितीही वेडावाकडा असो, ठरावीक काळाने तो परत आला की कानाला सूर ऐकू येतो. रांगेची लांबी सूर ठरवते आणि आतला आकार आवाजाचा पोत ठरवतो.

पण एवढ्यावर तार होत नाही. रांग जशीच्या तशी फिरली तर एक कर्कश, न संपणारी भुणभुण ऐकू येते. तार वाटण्यासाठी फेरीगणिक काहीतरी हरवायला हवं. १९८३ मध्ये केविन कार्प्लस आणि ॲलेक्स स्ट्राँग यांनी जी रीत प्रसिद्ध केली, तिच्यात हरवण्याचं काम अगदी साधं आहे: रांगेतून बाहेर पडलेलं सॅम्पल आणि त्याच्या आधीचं सॅम्पल यांची सरासरी काढायची आणि ती रांगेत परत टाकायची. शेजारच्या दोन आकड्यांची सरासरी घेतली की झपाट्याने वरखाली होणारा भाग पुसला जातो, संथ बदलणारा भाग जवळजवळ तसाच राहतो. म्हणून आवाज सुरू होताना झणझणीत असतो, काही क्षणांत त्याची धार जाते आणि शेवटी गोल, मऊ मूळ स्वर उरतो. छेडलेल्या तारेत हेच घडतं.

हे साम्य योगायोगाचं नाही. तार छेडली की लहर दोन्ही टोकांकडे धावते, प्रत्येक टोकावर उलटी होऊन परतते आणि तारेच्या दुप्पट अंतर कापल्यावर मूळ रूपात पहिल्या जागी येते. आपली रांग म्हणजे ती एक पूर्ण फेरी. खरी तार आपली ऊर्जा संपूर्ण लांबीवर थोडी थोडी घालवते. आपण फेरीतली सगळी घट एकाच जागी, त्या सरासरीच्या फिल्टरमध्ये, गोळा केली आहे. एका ठिकाणी उभं राहून ऐकणाऱ्याला घट कुठे झाली हे कळत नाही, फेरीअखेर किती झाली एवढंच कळतं. दोन टोकांवर दोनदा उलटलेली लहर सुलटी होते, म्हणून फीडबॅकचं, म्हणजे रांगेत परत टाकायच्या आकड्याचं, चिन्ह अधिक ठेवायचं. चुकून उणे पडलं तर सूर एक सप्तक खाली जातो आणि फक्त विषम हार्मोनिक, म्हणजे मूळ स्वराच्या विषम पटीतल्या वारंवारता, उरतात. आवाज पोकळ झाला की आधी हे चिन्ह तपासा.

आता सूर चुकण्याकडे. सरासरी फुकट मिळत नाही. आत्ताचं आणि आधीचं सॅम्पल यांच्या मधोमधचं काहीतरी आपण घेतो, म्हणजे प्रत्येक फेरीला अर्धं सॅम्पल उशीर होतो. रांग `N` लांबीची असेल तर फेरी `N + 0.5` सॅम्पलची असते. ४४० हर्ट्झसाठी ४४१०० भागिले ४४०, म्हणजे १००.२२७ सॅम्पलची फेरी हवी. फिल्टरचं अर्धं वजा केलं की रांगेसाठी ९९.७२७ उरतात आणि रांग तर पूर्णांकीच असते. `N = 100` घेतल्यास ४३८.८ हर्ट्झ मिळतात, सूर सुमारे ५ सेंट खाली; पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांत १०० सेंटचं अंतर असतं. `N = 99` घेतल्यास ४४३.२, जवळजवळ १३ सेंट वर. इथे ५ सेंट एखादे वेळी खपून जातील. पण दोन सप्तकं वर, १७६० हर्ट्झला, सगळी फेरी २५ सॅम्पलची असते. तिथे `N = 25` घेतलं तर सूर ३० सेंट खाली आणि `N = 24` घेतलं तर ३९ सेंट वर. वरचे स्वर बेसूर आणि खालचे बरे, असं ऐकू आलं तर दोष बहुधा इथेच असतो.

उरलेला अपूर्णांक भरायला ऑलपास फिल्टर वापरतात. हा सगळ्या वारंवारतांचा जोर तसाच ठेवतो, फक्त उशीर करतो. डेव्हिड जाफी आणि ज्युलियस स्मिथ यांनी त्याच वर्षी मूळ रीतीत ज्या सुधारणा मांडल्या, त्यांत ही होती. हव्या त्या उशिराला `d` म्हटलं तर गुणक `C = (1 - d) / (1 + d)`. आपल्या ४४० साठी `N = 99`, `d = 0.727` आणि `C` सुमारे ०.१५८ येतो. `d` अगदी शून्याजवळ जाऊ देऊ नका. तेव्हा `C` एकाजवळ जातो आणि फिल्टरचा स्वतःचाच प्रतिसाद लांबत, चिवट होतो. म्हणून `d` साधारण ०.१ ते १.१ मध्ये राहील असा `N` निवडतात.

हे सगळं एका छोट्या लूपमध्ये उतरतं:

```python
import numpy as np
fs, f0, T60 = 44100, 440.0, 4.0
P = fs / f0 - 0.5
N = int(P - 0.1)
d = P - N
C = (1 - d) / (1 + d)
g = 10 ** (-3 / (f0 * T60)) / np.cos(np.pi * f0 / fs)

buf = np.random.uniform(-1, 1, N)
buf -= buf.mean()
out = np.zeros(fs * 5)
x1 = ax = ay = 0.0
i = 0
for n in range(len(out)):
    x = buf[i]
    out[n] = x
    a = g * 0.5 * (x + x1)
    x1 = x
    y = C * a + ax - C * ay
    ax, ay = a, y
    buf[i] = y
    i = (i + 1) % N
```

इथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी वाचायचं, मग त्याच जागी लिहायचं आणि मगच पुढे सरकायचं. सरकणं लिहिण्याच्या आधी झालं तर लिहिलेलं सॅम्पल लगेच पुढच्याच पावलाला वाचलं जातं आणि सूरच उरत नाही; लिहिणं एक जागा मागे झालं तर लांबी एका सॅम्पलने चुकते. ४४० ला ही चूक सुमारे १७ सेंटची, १७६० ला जवळजवळ ७० सेंटची. चूक नेमक्या एका सॅम्पलची असेल तर सूर जितका वर तितका फरक मोठा होत जातो.

कोडमधला `g` का लागतो, हे ४४० वरच पाहू. एखाद्या वारंवारतेला सरासरी एका फेरीत `cos(πf/fs)` पटीने कमी करते. ४४० साठी हा आकडा ०.९९९५ आहे. घट नगण्य वाटते, पण सेकंदाला ४४० फेऱ्या होतात. तरीसुद्धा मूळ स्वर ६० डेसिबलने उतरायला सुमारे ३२ सेकंद लागतात. दहावा हार्मोनिक मात्र ०.३ सेकंदातच तेवढा उतरतो. झणकार लवकर जातो ते ठीकच, पण ३२ सेकंद गुंजणारी तार कुणाला हवी? खाली गेलं की परिस्थिती आणखी बिघडते, कारण फेरीतली घटही कमी आणि सेकंदातल्या फेऱ्याही कमी. ११० हर्ट्झचा मूळ स्वर नुसत्या सरासरीवर सोडला तर अर्ध्या तासाहून जास्त वेळ टिकतो. उलट १७६० चा अर्ध्या सेकंदात संपतो आणि तार न वाटता लाकडावर टकटक केल्यासारखा वाटतो.

खालच्या स्वरांचा इलाज सोपा आहे: प्रत्येक फेरीला एकाहून किंचित कमी गुणक लावायचा. `T60` म्हणजे ६० डेसिबल उतरायला लागावा असा वेळ. तो ४ सेकंद धरला तर ४४० साठी `g` ०.९९६६ च्या आसपास येतो. पण हेच सूत्र १७६० ला चालवलं तर `g` १.००७ निघतो, कारण सरासरीने जास्तीचं खाल्लेलं तो भरून काढू पाहतो. इथेच घात होतो. अगदी संथ भागाला सरासरी काहीच कमी करत नाही, म्हणून तो दर फेरीला ०.७ टक्क्याने वाढतो, आणि फेऱ्या सेकंदाला १७६०. काही सेकंदांत सगळे आकडे हाताबाहेर जातात. `g` कधीही एकाच्या वर जाऊ देऊ नये, हा नियम कोडमध्येच घालून ठेवावा.

वरच्या स्वरांसाठी सरासरीच सौम्य करायची. निम्मं-निम्मं घेण्याऐवजी `(1 - S)*x + S*x1` घ्यायचं. १७६० ला १ सेकंदाचा `T60` हवा असेल तर `g = 1` ठेवून `S` सुमारे ०.१४६ येतो. पण आता फिल्टरचा उशीरही अर्धा राहिला नाही, तो जवळजवळ `S` इतकाच झाला. म्हणून `P` काढताना ०.५ च्या जागी `S` वजा करायचा. तसं केलं की `N = 24`, `d = 0.910`. हे विसरलात तर सूर सुमारे २५ सेंट वर चढतो. घट बदलली की सूर हलतो, हे या रीतीचं सर्वांत फसवं अंग आहे. पोत सुधारायला हात घातला आणि सूर बिघडला, असं झालं तर कारण शोधत बसू नका; फिल्टरचा उशीर पुन्हा मोजा.

`buf -= buf.mean()` ही ओळ अनेक जण शोभेची समजून गाळतात. ९९ यादृच्छिक आकड्यांची सरासरी क्वचितच शून्य येते. ती साधारण ०.०६ इतकी इकडेतिकडे असते. रांग जितकी लहान तितकी ही घसरण मोठी. `g = 1` असेल तर हा स्थिर भाग कधीच विरत नाही. तो ऐकू येत नाही, पण स्वर तोडला की ‘टक्’ होतो, आणि वाजत्या तारेवर पुन्हा पुन्हा खरखराट ओतत गेलात तर तो साचून लहर एका बाजूला कापली जाऊ लागते. आलेख काढला तर आवाज संपल्यावरही रेघ शून्यावर उतरलेली दिसत नाही.

तार कुठे छेडली, हेही याच टप्प्यावर, रांग फिरायला लागण्याआधी सांगता येतं. तारेच्या एक पंचमांशावर छेडल्यास पाचवा, दहावा, पंधरावा हार्मोनिक उठत नाही, कारण त्यांचा स्थिर बिंदू नेमका तिथे असतो. खरखराटातून त्याचीच एक पंचमांश सरकवलेली प्रत वजा केली की तेच घडतं:

```python
buf = buf - np.roll(buf, round(N / 5))
```

`N = 99` ला सरकवणं २० सॅम्पलचं होतं, नेमका पंचमांश नाही, पण कानाला पुरेसं जवळ. सरकवताना शेवटचे आकडे वळून पुढे येतात, म्हणून वजाबाकीनंतर रांगेची बेरीज आपोआप शून्य होते आणि स्थिर भागही याच एका ओळीत निघून जातो. सरकवणं २० वरून ५ वर आणलंत तर तीच तार टोकाजवळ छेडल्यासारखी बारीक, तुसडी वाजेल.