तुटकी हनुवटी

दुपारी पावसाची झड लागली होती. भाच्याने बेळगावातल्या शनिवार खुटाजवळून आणलेल्या जुन्या खेळण्यांची पिशवी सतरंजीवर उपडी केली. ढिगातून एक निळा लेगो-अंतराळवीर बाहेर आला. त्याच्या शिरस्त्राणाचा हनुवटीवरचा पट्टा मधोमध तुटलेला होता.

"टाक तो, मोडलाय की!" बहीण म्हणाली. हा खरंच जुना आहे का ते पाहायला मी चष्मा शोधायला उठलो.

माझ्याकडेही असाच एक होता. गल्फमधून काकांनी आणलेला. पहिल्याच आठवड्यात पट्टा मोडला आणि मी दोन दिवस जेवलो नव्हतो. तो पट्टा फारच बारीक असायचा, ज्याच्या-त्याच्याकडे तिथंच तुटायचा. कंपनीने नंतर तो जाड केला. लाल आणि पांढरे वीर 1978 चे, निळे मात्र 1984 मध्ये आले. तेव्हा सगळ्यांचा चेहरा एकच, दोन ठिपके आणि एक हसू. त्यामुळे जुन्यांत चेहऱ्यावरून फरक कळत नाही. पाठीवरची हवेची टाकी तर डोकं उपटलं की कुणाच्याही गळ्यात घालता येते, तिची साक्ष काय घ्यायची?

पण घोळ पुढेच आहे. 2014 च्या लेगोच्या चित्रपटात बेनी नावाचा निळा अंतराळवीर आला. त्याचा पट्टा कारखान्यातच तुटका, आणि छातीवरचं चंद्र नि यानाचं चिन्ह आधीच झिजलेलं छापलेलं! म्हणजे आमचं दुःख साच्यात घालून विकलं.

साड्या विणणाऱ्या शहापुरात वाढलेल्या माणसाला यावर उपाय ठाऊक असतो. आजी साडी घेताना आधी पदर उलटा करायची. "वरनं सगळ्याच छान दिसतात बाळा." मीही अंतराळवीराला खिडकीपाशी तिरका धरला. छातीवरचे ओरखडे चिन्हावर थांबले नव्हते, शेजारच्या कोऱ्या निळ्या प्लॅस्टिकवरही पसरले होते. छापलेली झीज चित्राबाहेर जात नाही. म्हणजे धड जुनं. डोक्यावरचा गोल उंचवटा भरीव निघाला, तोही जुना; नंतरच्या डोक्यांत तिथं पोकळी असते. चेहऱ्यावर दोन ठिपके नि हसू, बेनीचं तोंड फाकलेलं असतं. मग पट्टा पाहिला. खरी मोड खडबडीत असते, कडेला पांढुरकी पडते. ह्याच्या दोन्ही कडा गुळगुळीत, नखाला काही लागेना. शिरस्त्राण बेनीचं.

म्हणजे धड नि डोकं माझ्या लहानपणचं, टोपी भाच्याच्या जमान्यातली. कुणीतरी मोडकी टोपी काढून मुद्दाम मोडकीच घातली होती. का, ते मला अजून सुचत नाही.

"मामा, मग हा खरा की खोटा?"

मी उत्तर जुळवत होतो, तोवर त्याने शिरस्त्राण उपटून स्वयंपाक्याची पांढरी टोपी बसवली आणि हातात झाडू दिला.