तीन मुलं, तीन अक्षरं

"एलआयसी चालते, एमआरएफ चालते, मग आमच्या तिघा मुलांची आद्याक्षरं घेऊन केलेलं नाव का चालणार नाही?"

चालेल, पण ग्राहकाच्या डोक्यात ते बसायला फार वेळ आणि पैसा जाईल. वागळे इस्टेटमधल्या एका वॉटरप्रूफिंगवाल्या काकांना मी हेच सांगितलं होतं. त्यांच्या कंपनीचं नाव होतं 'एन. पी. डी.'. घरच्यांना त्यात निखिल, प्रिया, दीपक दिसत होते. घोडबंदर रोडवरच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला मात्र तीन सुटी अक्षरं दिसणार. ऐकल्यावर मनात चित्र येत नाही, कामाचा अंदाज येत नाही, त्यामुळे अक्षरं आणि त्यांचा क्रम नुसतं घोकूनच ठेवावं लागतं. आठवड्याने गच्ची गळली की आठवतं एवढंच, "काहीतरी तीन अक्षरांचं होतं."

ही अक्षरं फोनवर आणखी फसवतात. एन आणि एम, तसंच बी, डी, पी, टी कानाला जवळजवळ सारखेच लागतात. मी काकांना म्हटलं, चार ओळखीच्यांना फोनवर नाव एकदाच सांगा आणि दुसऱ्या दिवशी विचारा. कुणाकडून 'एम. पी. डी.' आलं, कुणाकडून 'एन. बी. टी.'. त्यात दुकानांच्या कायद्यातल्या २०२२च्या दुरुस्तीनंतर दुकानाची पाटी देवनागरीत ठळक लावायलाच हवी. इंग्रजीत सुटसुटीत दिसणारं एखादं नाव मराठी पाटीवर 'डब्ल्यू. एक्स.' असं लांबलचक पसरतं, आणि छोटेपणाचा फायदाही जातो.

मग एलआयसीचं काय? १९५६ला ती लाइफ इन्शुरन्स कॉर्पोरेशन म्हणून आली. मागे सरकार, दारात एजंट आणि ज्योतीला आडोसा देणारे दोन हात. वर्षानुवर्षं पूर्ण नाव वापरून झाल्यावर लोकांच्या जिभेवर जे रुळतं, ते छोटं नाव टिकतं. आयबीएमचंही तसंच आहे, इंटरनॅशनल बिझनेस मशीन्स आधी होतं. एमआरएफ म्हणजे मद्रास रबर फॅक्टरी, पण तिला टायर उचलणारा पैलवान आणि क्रिकेटपटूंच्या बॅटवरचं स्टिकर मिळालं. तेवढं जाहिरातीचं बजेट आपल्याकडे कुठलं!

दुसरी सोय म्हणजे अक्षरं जोडून उच्चारता येणं. १९७०ला नवी मुंबई वसवायला स्थापन झालेल्या सिडकोचं पूर्ण नाव वाशीत कितीजणांना सांगता येईल? 'सिडको' मात्र पोरंटोरंही म्हणतात, कारण तो एका दमात बोलता येणारा शब्द आहे. अमूलही तसंच. एन-पी-डीमध्ये एकही स्वर नाही, तर तो शब्द बनणार कसा?

काकांनी 'निप्रदी' करून पाहिलं. उच्चार जमला, पण ते औषधाच्या गोळीसारखं वाटतं असं काकूच म्हणाल्या. मग मी त्यांना जुन्या ग्राहकांचे फोन बघायला सांगितलं, त्यात त्यांचा नंबर कोणत्या नावाने सेव्ह आहे ते. बहुतेकांकडे 'गच्चीवाले काका' होतं. नव्या पाटीवर आता 'गच्चीवाले' आहे. कंपनीच्या कागदांवर आणि बिलावर मुलांची अक्षरं राहिलीत, त्याला माझी हरकत नाही.