अर्धा चेहरा निळा: आमची वाटचाल

आमची फर्म म्हणजे मी आणि माझी धाकटी बहीण. ती कॅमेरा सांभाळते, मी एडिटिंगला बसतो. सुरुवातीला मुलाखती, प्रशिक्षणाचे व्हिडिओ, छोटे माहितीपट असं मिळेल ते काम घेत होतो. आज आमच्या टेबलावर येणारं निम्मं काम दुसऱ्यांनी शूट केलेल्या, रंग बिघडलेल्या फुटेजचं असतं, आणि त्यातही "घरात शूट केलं, सगळं निळं आलंय" हे वाक्य सर्वांत जास्त वेळा ऐकू येतं. या कामाकडे आम्ही वळलो ते पहिल्याच वर्षी आमच्याच हातून बिघडलेल्या एका मुलाखतीमुळे.

एका निवृत्त शिक्षिकेची मुलाखत होती. आदल्या संध्याकाळी बहीण जागा बघून आली. बाहेर अंधार पडलेला आणि खोलीत पिवळसर बल्ब लावलेले. तिने कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे कोणत्या प्रकाशाला पांढरं धरायचं ते सेटिंग, 3200 केल्विनवर ठेवून चाचणी घेतली. केल्विनचा आकडा जितका मोठा, तितका प्रकाश निळसर. चित्र छान आलं, म्हणून सेटिंग तसंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शूट सुरू झालं तेव्हा बाईंच्या डाव्या हाताला मोठी खिडकी उघडी होती आणि आभाळ भरून आलेलं होतं. बल्बही चालूच होते, कारण उजवी बाजू काळोखी पडत होती. बल्बचा प्रकाश साधारण 3000 केल्विनच्या आसपास, तर ढगाळ आकाशाचा 6500 च्याही वर. कॅमेऱ्याला बल्बचा पिवळेपणा म्हणजेच पांढरा असं सांगून ठेवलेलं, त्यामुळे खिडकीतून येणारं सगळं त्याने निळं नोंदवलं.

खोलीत उभं राहून हे आम्हाला दिसलं नाही. माणसाचा डोळा दोन्ही प्रकाशांशी जुळवून घेतो आणि पांढरा कागद कुठेही धरला तरी आपल्याला पांढराच दिसतो. कॅमेऱ्याचा छोटा पडदा आणि शूटची घाई, त्यात ती निळाई आमच्या नजरेतून निसटली. घरी येऊन फुटेज मोठ्या मॉनिटरवर लावलं तेव्हा बाईंचे पांढरे केस मधल्या भांगापासून दोन रंगांचे झाले होते. एका बाजूला चांदीसारखे, दुसऱ्या बाजूला शाई सांडल्यासारखे.

तेव्हा मला एवढंच ठाऊक होतं की चित्र निळं असेल तर Temp, म्हणजे पूर्ण चित्र पिवळ्याकडे किंवा निळ्याकडे नेणारं बटण, उजवीकडे सरकवायचं. मी ते सरकवत राहिलो आणि डाव्या गालावरचा निळा गेल्यावर थांबलो. बहिणीने मागून बघितलं आणि म्हणाली, "दादा, बाईंना कावीळ झाल्यासारखी दिसतेय." उजवा गाल, कान, मागची भिंत, सगळं नारिंगी झालं होतं. Temp मागे घेतलं की निळा परत. त्या रात्री मी तीन तास ते एकच बटण पुढेमागे करण्यात घालवले.

मग मी Parade उघडलं. लाल, हिरवा आणि निळा यांची उंची शेजारी शेजारी दाखवणारा हा आलेख आजही मी पडद्यावरच्या चित्राच्या आधी बघतो. बाईंच्या पदराची पांढरी किनार दोन्ही बाजूंना होती, म्हणून तिथलं मोजलं. 0 ते 1023 च्या पट्टीवर खिडकीकडच्या किनारीत लाल सुमारे 520, हिरवा 600, निळा 790 होता. बल्बकडच्या त्याच किनारीत लाल 610, हिरवा 590, निळा 560. खरा पांढरा असेल तर तिन्ही आकडे सारखे यायला हवेत. बल्बकडची बाजू जवळपास बरोबर होती, खिडकीकडची साफ चुकलेली. डावीकडचा निळा 600 वर आणायला त्याला साधारण 0.76 ने गुणावं लागतं. तोच गुणाकार उजवीकडे लागला की 560 चे 425 होतात, आणि तिकडे लाल मात्र वाढून 700 च्या वर जातो. कावीळ कुठून आली ते या आकड्यांत दिसत होतं. एका फ्रेममध्ये दोन वेगळे पांढरे असतील तर पूर्ण चित्राला लागणारं कुठलंही एक बटण दोन्ही बरोबर करूच शकत नाही.

म्हणून पहिला निर्णय बटणाचा नसतो, कोणत्या प्रकाशाला पांढरं मानायचं याचा असतो. आम्ही चेहऱ्यावरचा प्रकाश धरतो. मागची भिंत थोडी पिवळी राहिली तर बघणाऱ्याला तिथे दिवा आहे हे कळतं आणि ते खटकत नाही. चेहरा निळा राहिला तर माणूस आजारी दिसतो. बाईंच्या चेहऱ्यावर दोन्ही प्रकाश होते, त्यामुळे काम दोन टप्प्यांत वाटावं लागलं.

पहिल्या टप्प्यात पूर्ण चित्रावर, गरजेच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाएवढीच दुरुस्ती केली. लालचं Gain, म्हणजे त्या रंगाला गुणणारा आकडा, 1.05 आणि निळ्याचं 0.92. खिडकीकडचा निळा 790 वरून 727 वर आला, बल्बकडचा 515 झाला. उजवी बाजू उबदार झाली, पण ऊब दिव्याची वाटावी इतपतच. मी ही दुरुस्ती Gain ने करतो, Offset किंवा Lift ने नाही. Offset सगळीकडे सारखीच बेरीज-वजाबाकी करतं, Lift मुख्यतः काळोख्या भागात. प्रकाशाचा रंग हा गुणाकारासारखा वागतो: उजेड जास्त तिथे निळाही जास्त, काळोखात जवळपास नाहीच. Lift ओढलं तर निळा जातो खरा, पण काळ्या केसांत आणि सावल्यांत तपकिरी धूळ बसते. चित्र "धुरकट" झालं अशी तक्रार आली की मी आधी तिथेच बघतो.

दुसरा टप्पा फक्त खिडकीकडच्या बाजूचा. चेहऱ्याच्या डाव्या अर्ध्या भागावर Window, म्हणजे दुरुस्ती ठरावीक भागापुरती ठेवणारा मास्क, काढला, कडा भरपूर मऊ ठेवल्या आणि आतल्या भागात लाल 580 पर्यंत वर, निळा 640 पर्यंत खाली आणला. कडा नाकाच्या दांडीवर ठेवली, कारण उजेड-सावलीची सीमा मुळातच तिथे होती आणि जोड तिच्यात लपतो. मग मास्क चेहऱ्यासोबत हलवणारा Tracker लावला. बाई बोलताना मान वळवायच्या, आणि दर दोन-तीन मिनिटांनी मास्क घसरून निळा पट्टा कानाजवळ उघडा पडायचा. तिथे हाताने जागा बदलत जावं लागलं. अर्ध्या तासाच्या मुलाखतीत सगळ्यात जास्त वेळ याच कामाने खाल्ला.

आधी मी सोपा मार्ग करून बघितला होता. Qualifier ने निळा रंग निवडायचा आणि पुसून टाकायचा. पण बाईंच्या मागे निळ्या पाठीची पुस्तकं होती, तीही करडी पडली. वर निवडीच्या कडा गालावर दर फ्रेमला थरथरत होत्या. 8 बिटच्या फुटेजमध्ये प्रत्येक रंगाला 256 च पायऱ्या असतात आणि रंगाची माहिती उजेडाच्या मानाने विरळ साठवलेली असते, त्यामुळे रंगावरून केलेली निवड खडबडीत येते. आता मी निळा पूर्ण काढतच नाही. मास्कच्या आत Hue vs Sat मध्ये फक्त निळ्याची तीव्रता तिसऱ्या हिश्शाने उतरवतो. निळा पिवळा घालून मारण्यापेक्षा तो फिका करणं त्वचेला जास्त मानवतं.

चेहरा जमला की नाही हे मी डोळ्यांवर सोडत नाही, कारण अर्धा तास निळ्या चित्राकडे बघितल्यावर डोळे त्यालाच पांढरं मानायला लागतात. रंगाची दिशा आणि तीव्रता गोल आलेखात दाखवणाऱ्या Vectorscope वर त्वचेसाठी एक रेषा असते, लाल आणि पिवळ्याच्या मध्ये. माणूस गोरा असो की सावळा, त्वचेचा ठिपका त्या रेषेच्या आसपासच पडतो, केंद्रापासूनचं अंतर तेवढं बदलतं. बाईंच्या चेहऱ्यापुरता आलेख बघितला तेव्हा दोन पुंजके होते, एक रेषेवर आणि दुसरा केंद्राच्या पलीकडे निळ्याकडे झुकलेला. दुरुस्तीनंतर दुसरा पुंजका केंद्र ओलांडून पहिल्याजवळ आला तेव्हा मी हात थांबवला. भिंतीवर मात्र विसंबू नका. मी सुरुवातीला भिंतीला पांढरं धरून चाललो होतो. ती मुळात फिकट बदामी निघाली, आणि तिला पांढरं करण्याच्या नादात मी चेहऱ्यावर आणखी निळा चढवून बसलो होतो.

एक गोष्ट नंतर लक्षात आली. खिडकीची काच तिन्ही रंगांत 1023 ला टेकलेली होती, म्हणजे कोरी पांढरी. निळा खाली ओढल्यावर ती काच लोण्यासारखी पिवळी झाली. Lum vs Sat मध्ये सर्वांत उजळ टोकाची तीव्रता शून्यावर नेली तेव्हा काच पांढरी झाली. खिडकीच्या चौकटीलगतचा जांभळा काठ मात्र गेला नाही. तिथे एकटा निळाच छताला टेकला होता, खरा रंग किती होता ते फुटेजमध्ये उरलंच नव्हतं. तो काठ आम्ही फ्रेम किंचित कापून बाहेर टाकला.

ती मुलाखत वेळेवर गेली. पुढच्या महिन्यात त्याच संस्थेने दुसऱ्या कुणाकडून शूट करून घेतलेलं निळं फुटेज आमच्याकडे पाठवलं, आणि दुरुस्तीचं काम असं सुरू झालं. त्यातून एक गोष्ट आम्ही ठरवून घेतली: फुटेजची दोन मिनिटं बघितल्याशिवाय होकार द्यायचा नाही. ऑटो व्हाइट बॅलन्सवर शूट केलेलं असेल तर आधी विचारतो की माणूस किती हलतो. कारण कुणी दारातून आलं की कॅमेरा स्वतःच पांढऱ्याची व्याख्या बदलतो, आणि एकाच शॉटमध्ये निळा हळूहळू वाढत जातो. तिथे दर बदलाला कीफ्रेम, म्हणजे त्या क्षणाची वेगळी सेटिंग, द्यावी लागते आणि काम तिप्पट होतं. ट्यूबलाइट किंवा स्वस्त एलईडी असेल तर निळ्यासोबत हिरवाही असतो. Temp कितीही सरकवलं तरी तो जात नाही, हिरवा आणि मॅजेंटा यांच्यात सरकणारं Tint मॅजेंटाकडे न्यावं लागतं. निळा गेल्यावर डोळ्यांखाली शेवाळी छटा उरली असेल तर ती हीच.

आमच्या स्वतःच्या शूटला बहीण आता आदल्या दिवसाची सेटिंग ठेवत नाही. माणूस बसला की आधी बल्ब बंद करून बघते, एका प्रकाशावर भागतंय का ते. नाहीच भागलं तर खिडकीवर नारिंगी जेल, म्हणजे प्रकाशाचा रंग बदलणारी पारदर्शक पन्नी, लावते. ही सीटीओ जेल पूर्ण ताकदीची असेल तर दिवसाचा उजेड बल्बच्या जवळ आणते, अर्धी जेल वापरली तर थोडा निळसरपणा शिल्लक राहतो. काच मोठी असेल आणि जेल पुरणार नसेल तर उलटं करते, बल्ब काढून दिवसाच्या उजेडाचे एलईडी लावते. मग व्हाइट बॅलन्स आकड्यावर बांधते आणि करडं कार्ड दोनदा धरते: एकदा खिडकीकडे तोंड करून, एकदा दिव्याकडे, प्रत्येकी दहा सेकंद. फाइल उघडल्यावर मला आधी ते दोन शॉट दिसतात, दोन्हीकडचे आकडे मी वहीत लिहितो आणि मग मुलाखत लावतो.

बाईंची ती पहिली फाइल मागच्या महिन्यात पुन्हा उघडली, त्यांना नवी प्रत हवी होती. या वेळी मास्कच्या आत निळा 640 च्याही खाली, 600 पर्यंत नेऊन बघितला. आकडे जुळले, पण खिडकी मेली. बाई खिडकीजवळ बसल्यात हेच कळेना. पुन्हा 640 वर आणून प्रत पाठवली.