माहजाँग शिकवताना: आधी टाकायला शिका

माहजाँग हा टाइल्सचा चिनी खेळ शिकवायला मी पहिल्यांदा बसलो तेव्हा सगळंच सांगून टाकलं. तीन रंग, वारे, ड्रॅगन, फुलं, पंग, चाव, कांग आणि वर गुणांचा तक्ता. वहिनी, मावशी आणि भाचा तिघंही मान डोलावत होते. मग टाइल्स वाटल्या, उरलेल्या पालथ्या टाइल्सच्या भिंतीतून पहिली टाइल उचलली आणि वहिनींनी विचारलं, "अहो भावोजी, आता यातलं टाकायचं कोणतं?" तासाभराच्या माझ्या व्याख्यानात नेमकं याचंच उत्तर नव्हतं.

खेळाचा सांगाडा तसा दोन वाक्यांत मावतो. हातात १३ टाइल्स, एक उचलायची, एक टाकायची. आणि उचललेल्या किंवा दुसऱ्याने टाकलेल्या चौदाव्या टाइलने चार संच आणि एक जोडी पूर्ण झाली की हात लागला, म्हणजे डाव जिंकला. संच म्हणजे एकतर तीन सारख्या टाइल्स, किंवा एकाच रंगाचे तीन लागोपाठ आकडे. माणूस अडतो तो प्रत्येक पाळीला एक टाइल सोडण्यात. म्हणून दुसऱ्या बैठकीला मी शिकवण्याचा क्रमच उलटा केला.

सगळ्यात आधी पेटीतून फुलांच्या ८ आणि वारे-ड्रॅगनच्या मिळून २८ टाइल्स बाजूला काढल्या. उरल्या १०८: ठिपके, बांबू आणि आकडे हे तीन रंग, प्रत्येकी १ ते ९, प्रत्येकाच्या चार प्रती. बांबूचा १ पक्षी असतो, एवढं एकच लक्षात ठेवायला सांगितलं. आमच्या पेटीत चिनी आकड्यांच्या कोपऱ्यात साधे आकडे छापलेले आहेत. नसते तर पहिली बैठक अक्षरओळखीतच गेली असती. पंग-चाव, म्हणजे दुसऱ्याने टाकलेली टाइल घेऊन तिकडी किंवा क्रम पूर्ण करणं, बंद; गुण बंद, सगळ्यांचे हात उघडे. फक्त उचला आणि टाका.

तिघांनाही रमी येते. त्याचा मला फायदा होईल असं वाटलं होतं, पण रमीच्या सवयी निम्म्या उपयोगी आणि निम्म्या घातक निघाल्या. मावशी चार पानांचा क्रम लावून समाधानाने बसायची. इथे क्रम तीनचाच, चौथी टाइल सुटीच राहते. भाच्याने ८-९-१ लावून दाखवलं. रमीत एक्का राजाराणीला जाऊन मिळतो, पण इथे ९ नंतर काहीही नाही. वहिनींचा घोळ मला सर्वांत उशिरा कळला. त्या हातातले ८ आणि ९ आधी फेकत होत्या, कारण रमीत मोठी पानं अंगावर राहिली की गुण चढतात. इथे ९ टाकण्यासारखा असतो खरा, पण तो मोठा म्हणून नव्हे, काठावरचा म्हणून. आणि तसं असेल तर १ सुद्धा तितकाच टाकण्यासारखा.

हे पटवायला मी टाइल्स मोजायला लावल्या. टेबलावर बांबूचा एकटा ५ ठेवला आणि विचारलं, याच्याशी जुळणाऱ्या टाइल्स किती? ३, ४, ६, ७ यांच्या चार-चार म्हणजे १६, आणि जोडीसाठी उरलेले तीन ५. एकूण १९. मग एकटा २: त्याला १, ३, ४ आणि उरलेले तीन २, म्हणजे १५. एकटा १: फक्त २, ३ आणि स्वतःचे तीन, म्हणजे ११. शेवटी पेटीतला उत्तर वारा काढून ठेवला. वाऱ्यांचा क्रम लागत नाही, म्हणून त्याला जुळणाऱ्या टाइल्स ३. टाइल्सचे चार ढिगारे शेजारी-शेजारी रचल्यावर भाचा म्हणाला, "मग एकटा वारा ठेवायचाच कशाला?" सुट्या टाइल्स टाकण्याचा क्रम त्यातून आपोआप निघाला: आधी एकटे वारे, मग १ आणि ९, मग २ आणि ८, आणि ३ ते ७ शेवटी. ड्रॅगन आणि आपल्या बसण्याच्या दिशेचा वारा यांच्या तिकडीला जादा गुण असतात, म्हणून ते एखाद-दोन पाळ्या धरून ठेवले तरी चालतात. पण हे मी तेव्हा मुद्दाम सांगितलं नाही.

सुट्या टाइल्स संपेपर्यंत सगळे खूश होते. खरी पंचाईत त्यानंतर आली. आता हातात सगळंच कशाशी ना कशाशी जोडलेलं दिसतं, आणि टाकायला हात उठत नाही.

त्यावर मी वहीच्या कागदाचे पाच चौकोन कापून प्रत्येकासमोर मांडले. चार संच आणि एक जोडी म्हणजे पाच घरं. पूर्ण संच, अर्धवट संच किंवा जोडी, जे असेल ते एका घरात ठेवायचं. सहावं घर नाही. जे उघड्यावर राहील त्यातूनच टाकायचं. वारे-ड्रॅगन परत आणल्यावर वहिनींना आलेला हात मला अजून आठवतो, कारण नंतर तोच मी सगळ्यांना मांडून दाखवतो.

ठिपके ३ ४ ८ ८. बांबू १ २ ६ ७ ८. आकडे २ ४ ६ ७. शिवाय पश्चिम वारा. एकूण १४. वारा गेला, त्यात वादच नव्हता. उरलेल्यांचे गठ्ठे मात्र सहा झाले: ठिपक्यांचे ३-४ आणि ८ची जोडी, बांबूचे १-२ आणि ६-७-८, आकड्यांचे २-४ आणि ६-७. पुढच्या उचलीला आकड्यांचा ५ आला आणि ५-६-७ पूर्ण झालं. म्हणजे दोन संच आणि जोडी तयार, दोन घरं रिकामी, आणि त्यांच्यासाठी भांडणारे तीन अर्धवट गठ्ठे.

"जोडी मोडते," वहिनी म्हणाल्या. नवीन माणूस हमखास हेच करतो, दोन सारख्या टाइल्स त्याला अपुऱ्या वाटतात. पण हातात ती एकच जोडी होती आणि पाचवं घर तिचंच आहे. मग उरले तिघे. ठिपक्यांचे ३-४ दोन्हीकडून उघडे: २ चालतो, ५ चालतो, जास्तीत जास्त ८ टाइल्स. बांबूच्या १-२ ला फक्त ३, म्हणजे ४. आकड्यांच्या २-४ ला मधला ३, म्हणजे तेही ४. शेवटचे दोघे बरोबरीत दिसतात, आणि इथे बहुतेकजण मनाला येईल ते मोडतात.

फरक पुढच्या उचलीत असतो. २-४ ला आणखी एक ५ मिळाला तर ४-५ होतात, दोन्हीकडून उघडे, आणि २ सोडून देता येतो. १-२ ला मात्र सुधारायलाच दोन पायऱ्या लागतात: आधी ४ येऊन २-४ व्हायचं, मग ५ यायचा. काठावरचा गठ्ठा भिंतीला पाठ लावून बसलेला असतो, त्याला सरकायला जागा नसते. म्हणून आधी १-२ मोडायचं. त्यातही पहिला १ टाकायचा. चुकून ३ आलाच तर २-३ उघडा गठ्ठा हाताशी राहतो.

वहिनींनी १ टाकला. पुढे ठिपक्यांचा ५ आला, ३-४-५ झालं, आणि त्यांनी बांबूचा २ सोडला. आता हात एका टाइलवर थांबला होता: आकड्यांचा ३. टेबलावर एकही ३ पडलेला नव्हता, म्हणून चारही शिल्लक धरले. पडलेल्या टाइल्स वजा केल्याशिवाय हा आकडा खोटा असतो. भाच्याने एकदा चारपैकी तीन ३ समोर पडलेले असताना ३ची वाट पाहत अख्खा डाव काढला होता.

पुढची उचल आकड्यांचा ८. "हा नको," म्हणत वहिनींनी तो टाकायला उचललाच. मी हात धरला आणि आकडे नीट वाचायला सांगितले: २ ४ ५ ६ ७ ८. २ काढून टाकला तर काय उरतं? ४ ५ ६ ७ ८. ३ आला तर ३-४-५ आणि ६-७-८. ६ आला तर ४-५-६ आणि ६-७-८. ९ आला तर ४-५-६ आणि ७-८-९. आधी ४ टाइल्सची वाट होती. आता ३ चे चार, ९ चे चार आणि ६ चे उरलेले तीन, म्हणजे ११. त्या दोन मिनिटं गप्प बसून टाइल्स इकडून तिकडे सरकवत राहिल्या, मग २ टाकला. तीन पाळ्यांनी मावशीने ९ फेकला.

यानंतरच मी पंग आणि चाव सुरू केले. पंग कुणाच्याही टाकलेल्या टाइलवर करता येतो, चाव फक्त आपल्या आधीच्या खेळाडूच्या, म्हणजे डावीकडच्या टाइलवर. कुणाचा हात त्याच टाइलवर लागत असेल तर मात्र तो कुणाचीही घेऊ शकतो. भाच्याला पंगचं वेडच लागलं. ८ची एकमेव जोडी पंग करून तो विजयी मुद्रेने बघायचा आणि मग चार पाळ्या जोडी शोधत फिरायचा. मी काही बोललो नाही, फक्त कागदाच्या पाचव्या चौकोनाकडे बोट दाखवलं. उघडा केलेला संच परत हातात घेता येत नाही आणि त्यातली टाइल सोडताही येत नाही, हे मात्र त्याला दोनदा हरल्यावरच कळलं.

टाकण्याचा क्रम डावाच्या उत्तरार्धात उलटतो, हे शिकवायला मी उशीर केला, आणि त्याची शिक्षा वहिनींना झाली. भिंत जवळजवळ संपलेली, मावशीचे तीन संच उघडे पडलेले, आणि वहिनींनी "एकटा आहे, आधी टाकायचा" या माझ्याच नियमाने लाल ड्रॅगन टाकला. तोवर एकही लाल ड्रॅगन समोर आला नव्हता. मावशीकडे दोन होते.

"तुम्हीच सांगितलं होतं," वहिनी म्हणाल्या. बरोबर होतं त्यांचं. सुरुवातीला मी माझ्या हाताला नको असलेली टाइल शोधतो; शेवटी समोरच्यालाही नको असलेली शोधावी लागते. तेव्हा नुकतीच पडलेली आणि कुणीही न उचललेली टाइल जवळ असेल तर तीच टाकावी, आणि शेवटपर्यंत न दिसलेला वारा-ड्रॅगन धरून ठेवावा, हात मोडला तरी. पुढच्या डावात भिंत संपत आली तेव्हा वहिनींच्या हातात हिरवा ड्रॅगन होता. त्यांनी मावशीच्या उघड्या टाइल्सकडे बघितलं, मग आपली तयार ५-६-७ मोडून त्यातला ५ टाकला. तसाच ५ भाच्याने आताच टाकला होता.