बाजू कोणती घ्यायची?

"सर, राज्यसेवेच्या परीक्षेत आरक्षणावर निबंध आला तर बाजू कोणती घ्यायची? आणि खरं सांगा, तुमचं स्वतःचं मत काय?"

दोन प्रश्न एका दमात विचारता म्हणून गोंधळ होतो. आधी परीक्षेचं बोलू, ते सोपं आहे.

रविवारी माझ्याकडे तपासायला येणाऱ्या बहुतेक वह्यांत पहिल्याच परिच्छेदात वाक्य असतं: ‘आरक्षण म्हणजे हजारो वर्षांच्या अन्यायाची भरपाई.’ वाक्य खोटं नाही. पण भरपाई म्हटलं की तिचा हिशोब अंगावर येतो. नुकसान कोणाचं झालं, कोणी केलं, किती झालं आणि फेड संपणार कधी? माझंच घ्या. आजोबा गावचे येसकर. तहसिलीचा कागद पुढच्या गावी पोचवायचा आणि दारोदार भाकरी मागून खायची. सगळ्यात जास्त सोसलं त्यांनी, त्यांना काही मिळालं नाही. आमच्याच आळीतला माझा वर्गमित्र सहावीत शाळा सोडून ऊसतोडीला गेला, त्यालाही काही मिळालं नाही. भरपाईच्या न्यायानं पहिला हक्क त्याचा होता. मिळालं मला. परीक्षक इथेच बोट ठेवतो आणि तुमच्याकडे उत्तर नसतं, कारण पहिल्या ओळीत तुम्हीच स्वतःला बांधून घेतलेलं असतं.

घटनेचं कलम १६(४) उघडून बघा. तिथे भरपाईचा शब्द नाही. राज्याच्या सेवांमध्ये ज्या मागास वर्गाला पुरेसं प्रतिनिधित्व नाही, त्याच्यासाठी जागा राखता येतील, एवढंच आहे. ३० नोव्हेंबर १९४८ला संविधान सभेत बाबासाहेबांनी मांडणी केली तीही अशीच. सगळ्यांना समान संधी हे एक तत्त्व, आणि कारभार मोजक्या समाजांच्याच हातात राहिलाय हे दुसरं वास्तव. दोन्ही सांभाळायचं तर राखीव जागा अल्पसंख्येत ठेवाव्या लागतील, हेही त्यांनीच सांगितलं. १९९२च्या इंद्रा साहनी निकालातल्या पन्नास टक्क्यांच्या मर्यादेमागे हाच विचार आहे. भरपाई मागे बघते, प्रतिनिधित्व आजच्या कचेरीकडे बघतं: दाखला घ्यायला आलेल्या बाईसमोर खुर्चीत कोण बसलंय? असं मांडलं की ‘तुलाच का, त्या ऊसतोड्याला का नाही’ याला निदान अर्धं उत्तर मिळतं. अर्धंच म्हणतो, कारण मी त्याचं प्रतिनिधित्व करतो का, हे त्याला कोणी विचारलेलं नाही.

हे सगळं मला आज सुचतं. तेव्हा नव्हतं सुचलं.

आमच्या वेळीही मुख्य परीक्षा लेखीच होती. मधली बरीच वर्षं पर्यायांवर खुणा करण्यात गेली, आता पुन्हा लिहायला लावलंय. पुण्यातल्या एका क्लासमध्ये दर शनिवारी सराव निबंध असायचा. एका शनिवारी विषय आला ‘आरक्षण आणि गुणवत्ता’. मी तीन पानं लिहिली. आजोबांचं एक अक्षर घातलं नाही. ‘एकीकडे सामाजिक न्याय, तर दुसरीकडे प्रशासनाची कार्यक्षमता’ अशी तराजूची वाक्यं, आणि शेवटी आर्थिक निकषांचा विचार व्हावा असं मधाळ काहीतरी. मला ते पटत होतं का? नाही. पण तपासणाऱ्याला माझा कोटा कळू नये एवढंच डोक्यात होतं.

पुढच्या आठवड्यात सरांनी दोन वह्या उचलल्या, नावं झाकली आणि मोठ्यानं वाचल्या. मग हसत म्हणाले, "ओळखा बघू, खुल्यातला कोण आणि राखीव कोण." पहिली वही आरक्षणाच्या बाजूची होती, तावातावानं लिहिलेली. अख्खा वर्ग एका सुरात म्हणाला, "राखीव!" दुसरी माझी. कुणीतरी मागून म्हणालं, "हा ओपनचा. मॅच्युअर आहे." सरांनी मान डोलावली. आणि सांगायला लाज वाटते, पण मला आनंद झाला. छाती फुगली अक्षरशः.

तेवढ्यात तिसऱ्या बाकावरची मुलगी उठली. "पहिला माझा आहे," म्हणाली. "राखीव आहे हे बरोबर ओळखलंत. आता मुद्दा कुठला चुकला तेही सांगा." सर म्हणाले, "बस, बस, इतकं भावनिक होऊ नये." तिच्या आवाजात भावना नव्हती, हे मी शपथेवर सांगतो. ती उभीच राहिली. दुसरा निबंध कोणाचा, असं कुणीतरी विचारलं. मी पेनाचं टोपण उघडझाप करत बसलो. हात वर केला असता तर तो खेळ तिथेच मोडला असता. नाही केला. सर पुढच्या विषयाकडे वळले, मग ती बसली.

तेव्हा मी स्वतःला समजावलं की परीक्षेची गोष्ट वेगळी, मार्क महत्त्वाचे. आजही कधीकधी तेच समजावतो. तेवीस वर्षांचा, मेसचे पैसे थकलेला पोरगा आणखी काय करणार होता? पण टोपणाचा तो आवाज जात नाही.

आता गुणवत्तेचं. हा आक्षेप दोन तऱ्हेचा असतो, त्यातला सोपा खोडून खूश होऊ नका. ‘राखीव डॉक्टर रोगी मारेल’ हा सोपा. कटऑफ प्रवेशाच्या दारावर असतो, एमबीबीएस पास व्हायचे गुण सगळ्यांना सारखेच. अश्विनी देशपांडे आणि थॉमस वाइसकॉफ या अर्थतज्ज्ञांनी रेल्वेची १९८० ते २००२ची आकडेवारी तपासली, तेव्हा राखीव कर्मचाऱ्यांमुळे उत्पादकता घटल्याचं दिसलं नाही. नीटच्या प्रकरणात २०२२ला सर्वोच्च न्यायालयानंही म्हटलं की परीक्षेतले गुण म्हणजेच गुणवत्ता नव्हे.

अवघड आक्षेप माझ्या खोलीत राहायचा. खुल्या गटातला, बाप कापड दुकानात नोकर, दोघांची सायकल एकच. तो थोडक्यात राहिला, मी लागलो. त्याच्या आजोबांनी माझ्या आजोबांना काय केलं, हे दोघांनाही ठाऊक नाही. समाजाचा हिशोब एका माणसाच्या खात्यातून का वळता करायचा, हा त्याचा प्रश्न. मी म्हणायचो, गुण ही कुणाची मालमत्ता नसते, त्या दोन तासांचं ते एक मोजमाप. तो म्हणायचा, मग त्याच मोजमापावर तू का नाचतोस? निबंधात हा आक्षेप त्याच्या पूर्ण ताकदीनं लिहा. उत्तर अपुरं पडलं तर पडू दे. तोलून धरण्यापेक्षा ते बरं.

राहिलं माझं मत. मी आरक्षणाच्या बाजूचा आहे, आणि ‘फायदा घेतला म्हणून बोलतो’ असं म्हणणाऱ्याला मी बांधील नाही. पण १ ऑगस्ट २०२४ला अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. त्यात न्यायमूर्ती गवई यांनी अनुसूचित जातींतही क्रीमी लेअर ओळखण्याचं धोरण हवं, असं लिहिलंय. तो भाग मी दोनदा वाचला. पहिल्यांदा चिडलो. दुसऱ्यांदा त्या वर्गमित्राचा पोरगा आठवला, तोही कोयता घेऊनच जातो.

मुलगी बारावीत आहे. परवा प्रवेशाच्या अर्जात प्रवर्गाच्या रकान्यावर थांबली आणि म्हणाली, "बाबा, भरू?" मी म्हटलं, भर. मग म्हटलं, थांब. तिच्या आईनं जात वैधता प्रमाणपत्राची झेरॉक्स काढून फायलीत लावून ठेवलीये.